‘काही लागलं तर सांग’ या निरोपाने कुणाच्या घरी सूप पोहोचत नाही

प्रश्न : माझी मैत्रीण टिळकवाडीत एकटी राहते. रविवारी रात्री तिला कडकडून ताप आला आणि काल, म्हणजे सोमवारी, डॉक्टरांनी फ्लू असल्याचे सांगितले. मी शहापुरात राहते. ‘काही लागलं तर सांग’ असा मेसेज मी केला, तर ‘काही नको गे, बरी आहे’ असे उत्तर आले. मला तिच्यासाठी सूप आणि थोडा बाजार न्यायचा आहे. तिला संकोच वाटणार नाही असा मेसेज कसा लिहावा? माझ्या घरी सत्तरीच्या सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा आहे, तेव्हा मी जावे का आणि नेमके काय न्यावे?

उत्तर :

मी ३१ वर्षे परिचारिकेचे काम केले आणि त्यांतली शेवटची १२ वर्षे बेळगाव शहर व खानापूरकडच्या गावांत घरभेटी देण्यात गेली. ‘काही नको, बरी आहे’ हे वाक्य मी अंगात १०३ ताप असलेल्या माणसांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की, ते प्रकृतीचे वर्णन म्हणून मी कधीच धरत नाही. तुम्ही जे विचारले त्याचेच ते उत्तर आहे. ‘काही लागलं तर सांग’ असे लिहिले की सगळे काम आजारी माणसाच्या अंगावर पडते. तिने अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात काय संपले ते पाहायचे, त्यातले काय मागण्याजोगे आहे ते ठरवायचे, ते शब्दांत मांडायचे आणि वर आपण कुणाला तरी कामाला लावले याचे ओझे घेऊन पडून राहायचे. डोके ठणकत असताना याहून ‘काही नको’ लिहिणे सोपे असते. त्यात आपल्याकडे पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणण्याची रीत नाही. पाहुण्यालासुद्धा दोनदा वाढावे लागते.

म्हणून ठरवण्याचे सगळे काम तुम्ही करा आणि तिच्याकडे फक्त एका शब्दाचे काम ठेवा. मी असा निरोप पाठवला असता :

‘गे, उत्तर द्यायची गरज नाही, झोपून राहा. उद्या सकाळी साडेअकराला मुगाचं कढण आणि मऊ भात घेऊन येतो. पिशवी दाराच्या कडीला अडकवतो आणि खाली जाऊन फोन करतो. मी आत येणार नाही, तू चहा ठेवायचा नाहीस. मूग नको असेल तर फक्त ‘नको’ लिही, दुसरं काही करतो. दूध, मोसंबी आणि ओआरएस आणतोच आहे. आणखी काही संपलं असेल तर नुसतं नाव टाक. बिल पिशवीत ठेवतो, बरी झालीस की हिशेब करू. डबे जुने आहेत, परत द्यायचे नाहीत.’

‘येतो’ हे मी मुद्दाम लिहिले आहे. बेळगावात आणि कोल्हापूरकडे बायकासुद्धा बोलताना ‘मी येतो, मी करतो’ असेच म्हणतात. तुम्ही दोघी एरवी तसे बोलत असाल आणि या निरोपात अचानक ‘मी येते आहे’ असे छापील मराठी आले, तर तिला आपली मैत्रीण औपचारिक झाल्यासारखी वाटेल आणि औपचारिक माणसाला माणूस अधिकच नकार देतो. तुमच्या रोजच्या बोलण्यात ‘येते’च असेल तर अर्थातच तेच ठेवा.

या निरोपातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य सुपाचे नसून चहाचे आहे, आणि ते मी चूक करून शिकले. पंधराएक वर्षांपूर्वी माझी एक सहकारी मैत्रीण अशीच फ्लूने पडली होती. मी मोठ्या किटलीत चिकनचे सूप घेऊन, न सांगता, संध्याकाळी तिच्या दारात उभी राहिले. तिने दार उघडले, केस सारखे केले, सोफ्यावरचे पांघरूण उचलून मला बसायला जागा केली आणि मी ‘नको नको’ म्हणत असतानाच गॅसवर चहा ठेवला. आम्ही पंचवीस मिनिटे बोललो, म्हणजे मीच बोलले. ती ओट्याला टेकून उभी होती. कप धुवायला वळली तशी तिला घेरी आली आणि ती खाली बसली. ताप मोजला तर १०२.४ निघाला. मी व्यवसायाने परिचारिका, पण त्या संध्याकाळी मी तिच्या घरी पाहुणी होते आणि आपल्या माणसांना पाहुण्यासमोर आजारी राहता येत नाही. शिवाय ते दीड-दोन लिटर सूप संपवायला तिच्याजवळ ना भूक होती ना जागा. त्यातले बरेचसे तिसऱ्या दिवशी मोरीत गेले. तेव्हापासून ‘आत येणार नाही’ आणि ‘चहा ठेवायचा नाहीस’ ही दोन्ही वाक्ये मी वेगवेगळी आणि स्पष्ट लिहिते. नुसते ‘आत येणार नाही’ एवढेच लिहिले तर ती दारात उभ्या उभ्या आग्रह करते.

दुसरी अडचण डब्याची. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. मैत्रिणीच्या हातात तुमचा स्टीलचा डबा पडला की, बरे झाल्यावर यात काय घालून द्यावे, हा विचार तिच्या डोक्यात सुरू होतो. शक्य असेल तर तिचाच तुमच्याकडे राहून गेलेला एखादा डबा शोधा आणि ‘तुझाच डबा तुला परत येतो आहे’ असे लिहा. तसा नसेल तर ज्याची आठवण काढावीशी वाटणार नाही असा जुना, पण झाकण घट्ट बसणारा डबा वापरा. बिलाचेही तसेच आहे. ‘पैशाचं काही बोलू नकोस’ हे ऐकायला मोठ्या मनाचे वाटते, पण त्यामुळे ती पुढच्या वेळी काही मागणारच नाही. दूध, फळे आणि औषधे यांचे पैसे तिला देता आले तर ती उद्या निःसंकोच ‘साबणपण संपलाय’ असे लिहील. कढणाचे पैसे घ्यायचे नाहीत, दुकानातल्या वस्तूंचे घ्यायचे, इतका साधा हिशेब दोघींनाही पुरतो.

हा ‘नको असेल तरच कळव’ प्रकारचा निरोप जवळच्या मैत्रिणीलाच चालतो. कार्यालयातली ओळखीची बाई किंवा नुकतेच शेजारी आलेले कुटुंब असेल, तर न विचारता दारात येणे त्यांना अवघड वाटेल. तिथे ‘उद्या साडेअकराला आणू का? हो किंवा नाही एवढंच लिहा’ असे विचारावे. खाण्याच्या बाबतीत तर जवळच्यांनाही गृहीत धरू नये. आपल्या शहरात लिंगायत, जैन, मराठा, मुसलमान आणि ख्रिस्ती घरे एकाच गल्लीत असतात; कुणाला कांदा-लसूण चालत नाही, कुणाचा सोमवार असतो, कुणाच्या घरी दुसऱ्याच्या भांड्यातले मांसाहारी सूप येणे पसंत नसते. म्हणून निरोपात पदार्थाचे नाव हवेच. नुसते ‘सूप आणतो’ असे लिहिले तर तिला परत विचारावे लागते, म्हणजे पुन्हा काम तिच्याकडेच जाते.

आता सूप कोणते, याकडे येऊ. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते चार दिवस, बहुतेकांना दोन दिवस लागतात. मग ताप एकाएकी चढतो आणि तीन-चार दिवस राहतो. तुमच्या मैत्रिणीचा ताप रविवारी रात्री सुरू झाला, तेव्हा मंगळवार आणि बुधवार हे तिचे सर्वांत वाईट दिवस असणार. या दिवसांत भूक नसते, घसा दुखतो, नाक चोंदल्यामुळे चव लागत नाही आणि घामाने व तापाने अंगातले पाणी जाते. अशा वेळी अन्नापेक्षा पातळ, कोमट आणि थोडे खारट असे काहीतरी वारंवार पोटात जाणे गरजेचे असते. सुपाने फ्लूचा विषाणू मरत नाही. गरम वाफेने आणि गरम द्रवाने नाक सुटते, घशाला आराम पडतो आणि पाणी व मीठ पोटात जाते, एवढेच त्याचे काम. चिकन सुपाविषयी थोडे अधिक बोलले जाते. १९७८ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या प्रयोगात गरम चिकन सूप प्यायल्यावर नाकातला शेंबूड थंड पाण्यापेक्षा वेगाने सरकतो असे आढळले होते आणि २००० साली नेब्रास्का येथील संशोधकांनी ते सूप प्रयोगशाळेत तपासून त्याचा दाह करणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या हालचालीवर सौम्य परिणाम नोंदवला होता. हा दुसरा प्रयोग काचेच्या नळीतला होता, माणसांवरचा नव्हता. तेव्हा मैत्रीण मांसाहारी असेल आणि तिला आवडत असेल तर चिकन सूप जरूर न्या, पण औषध म्हणून आग्रह करू नका. तांबडा-पांढरा रस्सा मात्र या दिवसांत नको. त्यातले तिखट आणि नारळाची स्निग्धता दुखऱ्या घशाला आणि रिकाम्या पोटाला सोसत नाही.

आपल्याकडे आजारपणात पहिली आठवण हुलग्याच्या माडग्याची होते. माडगे चांगलेच आहे, पण दारात ठेवण्याच्या कामाचे नाही. हुलग्याच्या पिठाचे असल्यामुळे ते गार होताच दाटते, वर साय धरते आणि परत गरम करताना गुठळ्या होतात. ते घरात कुणीतरी समोर बसून गरमगरम देणार असेल तेव्हाच करावे. एकटीसाठी मुगाचे कढण बरे. त्याचे प्रमाण असे : अर्धी वाटी मुगाची डाळ दोनदा धुऊन घ्यावी, त्यात चार वाट्या पाणी, पाव चमचा हळद आणि अर्ध्या बोटाएवढे ठेचलेले आले घालून कुकरच्या चार शिट्ट्या कराव्यात. वाफ गेल्यावर रवीने पूर्ण घोटून आणखी दोन वाट्या उकळते पाणी आणि चवीपुरते मीठ घालून पाच मिनिटे उकळावे. शेवटी अर्धा चमचा तुपात जिरे तडतडवून ओतावे. मिरची, लिंबू आणि लसूण वगळावेत. चव येऊ लागली की ती स्वतःच मागेल. पळीतून टाकल्यावर धार अखंड पडली पाहिजे. थबथब पडत असेल तर आणखी पाणी घालावे, कारण पोहोचेपर्यंत ते अजून दाटणार आहे. एवढ्या प्रमाणात साधारण पाच वाट्या कढण होते आणि एका वेळी एक वाटी जरी ती प्यायली तरी तिचे दीड दिवस निघतात.

हे पाच वाट्या कढण एकाच डब्यात देऊ नये. आजारी माणूस डबा उघडतो, थोडे घेतो, उरलेले तसेच ओट्यावर ठेवतो आणि रात्री तेच पुन्हा कोमट करून पितो. बेळगावात पावसाळी हवा गार असते, म्हणून अन्न टिकते असा आपला समज आहे. पण शिजवलेली डाळ आणि विशेषतः भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहिले की त्यांत जंतू वाढू लागतात. भातातल्या एका प्रकारच्या जंतूंचे विष तर परत उकळूनही जात नाही. त्यामुळे आधीच ताप असलेल्या माणसाला वर उलट्या सुरू होतात आणि मग ते फ्लूमुळे आहे की भातामुळे, हे सांगणे आम्हालाही कठीण जाते. म्हणून तीन छोटे डबे करावेत. एक लगेच खाण्यासाठी, हाताला चटका बसेल इतका गरम असतानाच बंद करून टॉवेलात गुंडाळलेला. उरलेले दोन डबे पसरट भांड्यात कढण ओतून, गार करून, फ्रीजमध्ये थंड केलेले. थंड डब्यांवर चिकटपट्टी लावून त्यावर ‘थंड, रात्री’ आणि ‘थंड, उद्या सकाळी’ असे पेनाने लिहावे. मी त्याखाली ‘बुडबुडे येईपर्यंत उकळ’ असेही लिहिते. हे जास्तीचे वाटेल, पण तापात माणसाला काल-आजचा गोंधळ होतो, आणि निरोपात लिहिलेली सूचना फोनमध्ये वर सरकून जाते. डब्यावरची डोळ्यांसमोर राहते.

वेळ साडेअकराची का, तेही सांगते. सकाळी आठच्या गोळीने ताप थोडा उतरलेला असतो, तोंड धुतलेले असते आणि दुपारच्या झोपेला अवकाश असतो. याच वेळी माणूस चार घोट घेतो. संध्याकाळी सातला ताप पुन्हा चढण्याची वेळ असते. शहापूरहून निघताना रेल्वे फाटक पडलेले असण्याची शक्यता धरून दहा मिनिटे हाताशी ठेवा, कारण ‘साडेअकरा’ लिहून बारा वाजता पोहोचलात, तर ती अर्धा तास दाराकडे कान लावून बसलेली असेल.

बाजाराची यादी लहान ठेवावी. फ्लूमध्ये पडलेल्या माणसाला पालेभाजी नेऊन दिली तर ती निवडायची कुणी? ज्याला चिरावे, निवडावे किंवा शिजवावे लागत नाही तेच न्यावे. अर्धा लिटर दूध, चार-पाच केळी, सोलून लगेच खाता येणारी मोसंबी किंवा संत्री, बेकरीतले टोस्ट किंवा साधे बटर, ओआरएसची चार पाकिटे आणि कागदी रुमालांचे एक खोके एवढे पुष्कळ झाले. ओआरएस घेताना मेडिकलमध्ये पावडरचे पाकीट मागावे आणि त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहावे. खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची तयार पेये बरीच गोड असतात आणि ती ओआरएसच्या जागी चालत नाहीत. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकदाच कालवायचे असते आणि ते पाणी २४ तासांत संपवायचे, उरले तर टाकायचे. अर्धे पाकीट ग्लासभर पाण्यात घालणे ही नेहमीची चूक आहे. त्याने पाणी फार खारट होते आणि पोट बिघडते. तिला मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ओआरएस डॉक्टरांना विचारूनच.

औषधांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी तिने फोटो काढून पाठवली, तर तीच औषधे आणावीत, आपल्या मनाने भर घालू नये. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. डॉक्टरांनी दिलेल्या पॅरासिटामॉलवर ‘सर्दीची एक गोळी’ म्हणून तुम्ही ती दिलीत तर मात्रा दुप्पट होते आणि ते यकृताला घातक ठरते. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्याकडे डेंग्यूही असतो आणि त्याची अंगदुखी फ्लूसारखीच असते. डेंग्यू नाही असे डॉक्टरांनी सांगेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन असलेल्या वेदनाशामक गोळ्या नेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. अँटिबायोटिकने फ्लूचा विषाणू मरत नाही, त्यामुळे मागच्या वर्षीचा उरलेला कोर्स कुणी पुढे केला तर तो नाकारावा. तिला दमा, मधुमेह असेल किंवा ती गरोदर असेल, तर डॉक्टरांना ते माहीत आहे का, एवढे मात्र आजच विचारा. फ्लूविरोधी औषध लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते आणि रविवार रात्रीपासून मोजले तर ती मुदत आज, मंगळवारी रात्री संपते. अशी जोखीम असलेल्या माणसाला डॉक्टर मुदत उलटल्यावरही ते देतात, म्हणून उशीर झाला असे समजून विचारणे सोडू नये.

तुमच्या घरच्यांविषयी. फ्लू झालेला माणूस लक्षणे सुरू होण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना लागण करू शकतो, आणि पहिले तीन-चार दिवस सर्वांत अधिक. सासूबाई आणि मुलगा या दोघांनाही फ्लू त्रासदायक होऊ शकतो, म्हणून तुम्ही या आठवड्यात तिच्या खोलीत जाऊ नये हेच योग्य. दारात पिशवी अडकवून जिना उतरण्यात धोका फारसा नसतो. जाताना मास्क लावा, दाराची कडी व बेल हाताळल्यावर घरी येऊन साबणाने वीस सेकंद हात धुवा. कडीसारख्या टणक पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो, पण साबणापुढे त्याचे काही चालत नाही. तिच्याकडून काही परत आलेच तर गरम पाणी आणि साबणाने घासून घ्यावे. पिशव्या फवारण्याची, फळे साबणाने धुण्याची गरज नाही. सासूबाईंना फ्लूची लस या वर्षी दिली नसेल, तर त्याविषयी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. लस दिल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून या खेपेस ती उपयोगी पडेलच असे नाही.

डबा पोहोचला की तुमचा दुसरा निरोप जातो आणि तो पहिल्याइतकाच जपून लिहावा लागतो. ‘कशी आहेस?’ याला पुन्हा ‘बरी आहे’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ज्यांचे उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत देता येते असे तीनच प्रश्न विचारा :

‘तिन्हीची नुसती उत्तरं टाक. ताप आत्ता किती? सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस? पडल्या पडल्या दम लागतो का?’

लघवीचा प्रश्न मैत्रिणीला विचारायला संकोच वाटतो, पण शरीरात पाणी पुरेसे आहे की नाही हे घरबसल्या कळण्याचा तोच सोपा मार्ग आहे. सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही झाली नसेल किंवा रंग गडद असेल, तर कढणाचा दुसरा डबा आणि ओआरएस यांची आठवण करून द्या. दमाच्या प्रश्नाचे उत्तर लेखी येते ते मला पुरेसे वाटत नाही. दिवसातून एकदा तिला आवाजी निरोप पाठवायला सांगा, ‘डब्यात काय काय होतं ते सांग बघू’ असे काहीतरी हलके विचारून. ती ‘मुगाचं कढण, मऊ भात आणि दोन मोसंबी’ एवढे एका श्वासात सांगू शकली तर ठीक. ‘मुगाचं... कढण...’ असे तोडत, मध्येच श्वास घेत सांगत असेल, तर ते दमाचे लक्षण आहे, मग ती लेखी काहीही म्हणो. छातीत दुखणे, ओठ निळसर दिसणे, उत्तरे असंबद्ध येणे, दिवसभर लघवी न होणे किंवा उभी राहताच चक्कर येणे यांपैकी काहीही असेल, तर डबा बाजूला ठेवा आणि १०८ला फोन करा. आपल्या राज्यात तीच रुग्णवाहिका येते.

आणखी एक खूण आहे जी घरचे लोक हमखास चुकवतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, माणूस उठून बसतो, सगळ्यांना हायसे वाटते आणि निरोप थांबतात. त्यानंतर एक-दोन दिवसांनी ताप पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तर तो फ्लूचा उरलेला ताप समजू नये. त्यामागे न्यूमोनिया असू शकतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. म्हणून माझे म्हणणे असे की, ताप गेल्यानंतरचे तीन दिवस निरोप चुकवू नका, मग डबा नेला नाही तरी चालेल. खोकला आणि थकवा मात्र दोन आठवडे किंवा त्याहून अधिक राहू शकतो, त्याची भीती बाळगू नये.

तिने तुमच्या पहिल्या निरोपाला उत्तर दिलेच नाही तर काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. उत्तर द्यायची गरज नाही असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा डबा घेऊन जायचेच. खाली जाऊन फोन केल्यावर तिने उचलला नाही तर पाच मिनिटे थांबून पुन्हा करा. गोळी घेऊन झोपली असण्याची शक्यता मोठी असते. दुसऱ्याही वेळी उत्तर आले नाही तर वर जाऊन बेल वाजवा, दारावर थाप मारा आणि हाक मारा. तरीही आतून काहीच हालचाल नसेल तर शेजारच्यांना किंवा घरमालकांना उठवा. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घराची दुसरी किल्ली कुणाकडे असते, हे मी पहिल्याच दिवशी विचारून ठेवते, आणि तेही सरळ विचारते : ‘तुझी किल्ली खालच्या काकूंकडे आहे ना?’ यावर ‘नाही’ आले तरी ते आजच कळलेले बरे.

डबे कसे चालले यावरून पुढचे ठरवा. गुरुवारी तिने ‘भात थोडा घट्ट चालेल’ किंवा ‘लोणच्याची फोड आण’ असे लिहिले तर चव परत येऊ लागली असे समजावे. तेव्हा मुगाची खिचडी, ज्वारीची मऊ भाकरी दुधात कुस्करून, आणि आता माडगेही द्यायला हरकत नाही. पॅरासिटामॉल न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही आणि लक्षणे सुरू होऊन पाच दिवस उलटले की, सासूबाईंच्या वतीने मी आणखी एक-दोन दिवस थांबेन आणि मग तिला लिहीन :

‘ताप नाही, दोन दिवस झाले ना? मग संध्याकाळी पाचला आत येतो. आज चहा तूच कर, आणि डबे रिकामेच दे.’